हे बरोबर असेल, तर

मार्चच्या अखेरीस नाशिकच्या आमच्या कॉलेजच्या वरच्या मजल्यावर दुपारी चारनंतर बसवत नाही. पत्र्याखालचा वर्ग, पंखा फिरतो पण वारा गरमच. तरी तालमीला जागा तीच मिळते, कारण बाकीचे वर्ग परीक्षेत अडकलेले असतात. १४ एप्रिलच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी अकरावीतली एक मुलगी माझ्याकडे तयारीला येत होती. सात मिनिटांचं भाषण आणि त्यात मीच घालायला सांगितलेला एक उतारा, बाबासाहेबांच्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मधला, मराठीत मीच केलेला. उताऱ्यावर मी पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या. जिथे आवाज चढवायचा तिथे वर जाणारा बाण, जिथे हात उचलायचा तिथे फुली. ती वाचत वाचत एका बाणापाशी आली आणि थांबली. मला वाटलं विसरली. तिनं कागद खाली केला आणि म्हणाली, “मॅडम, इथे आवाज का चढवायचा? इथे ते ओरडत नाहीयेत. इथे तर ते माफ करतायत.” मी म्हटलं, “तू आधी म्हण तर खरं, मग बघू.” तिनं म्हटलं. छान म्हटलं, खणखणीत. खालच्या मजल्यावरचा शिपाईकाका वर येऊन डोकावून गेला, इतकं खणखणीत. मी शाबासकी दिली, वर्गाला कडी घातली आणि निघाले. गाडी अशोक स्तंभापाशी सिग्नलला उभी राहिली तेव्हा लक्षात आलं की मी तिच्या प्रश्नाचं उत्तर दिलंच नव्हतं.

ती वाक्यं अशी आहेत. जात वाईट असेल, जातीपायी माणूस माणसाशी अमानुष वागतही असेल. तरीसुद्धा एक मान्य करायला हवं की हिंदू जात पाळतात ते निर्दयी आहेत म्हणून नाही, त्यांची बुद्धी फिरली आहे म्हणूनही नाही. ते जात पाळतात कारण ते मनापासून धार्मिक आहेत.

मी दुसऱ्या वाक्यावर बाण काढला होता. शेवटच्या शब्दावर हात.

वक्तृत्व शिकवताना आम्ही सगळे हे करतो आणि मी ते वीस वर्षं केलं आहे. भाषणात टाळीची जागा शोधायची, तिच्याआधी श्वास घ्यायला लावायचा आणि तिथे आवाज फेकायला लावायचा. हे मी कुणाकडून शिकले तेही मला ठाऊक आहे. बाबा मला लहानपणी मे महिन्यात वसंत व्याख्यानमालेला न्यायचे. गोदाकाठी देवमामलेदारांच्या पटांगणावर आम्ही खाली बसायचो. दिवसभर तापलेली फरशी रात्री आठलाही परकरातून चटका द्यायची, पाण्याचा आणि निर्माल्याचा वास यायचा आणि समोर कुणीतरी मोठा वक्ता बोलत असायचा. मला विषय कळत नसे. मला कळायचा तो आवाजाचा चढ. वक्ता चढू लागला की मी बाबांचा हात धरून वाट बघायची, आता टाळ्या, आता टाळ्या. त्या पडल्या की मला कमालीचं समाधान वाटायचं, जसं काही मीच ते बोलले. बाबा मात्र टाळ्या क्वचित वाजवायचे. ते दिवसभर खिळे जुळवून आलेले असायचे आणि त्यांचा हात दुखत असे, असं मी समजत आले.

बाबा रविवार कारंज्याजवळच्या एका छोट्या छापखान्यात कंपोझिटर होते. शिशाचे खिळे केसमधून उचलून स्टिकमध्ये उलटे लावायचे, ओळ भरली की मधल्या फटींमध्ये स्पेस घालून ती घट्ट करायची, ओळी गॅलीत उतरवायच्या, मग प्रूफ. लेखकाने प्रूफमध्ये एक स्वल्पविराम काढला तरी ओळ सैल पडायची आणि पुन्हा बसवावी लागायची. नवीन शब्द घातला तर पुढच्या चार ओळी सरकायच्या. म्हणून बाबा विरामचिन्हांकडे फार आदराने बघत. ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ मी पहिल्यांदा वाचायला घेतलं तेव्हा प्रास्ताविकातल्या पत्रव्यवहारातलं एक वाक्य मी त्यांना वाचून दाखवलं होतं. मी तुम्हाला मुंबईत सांगितलं होतं की यातला एक स्वल्पविरामही मी बदलणार नाही, असं बाबासाहेबांनी २७ एप्रिल १९३६च्या पत्रात लाहोरच्या जातपात तोडक मंडळाला लिहिलं आहे. बाबांनी ते मला परत वाचायला लावलं. म्हणाले, “अक्षर म्हणाला नाही, शब्द म्हणाला नाही. स्वल्पविराम म्हणाला. या माणसाने प्रूफं स्वतः तपासलेली असणार.”

हे पुस्तक म्हणजे न झालेलं भाषण आहे, हे सगळ्यांनाच माहीत असतं. मंडळाने अध्यक्ष म्हणून बोलावलं, भाषणाची प्रत पाहिली, वेद आणि शास्त्रांबद्दलचा भाग विनाकारण डिवचणारा वाटला म्हणून गाळायला सांगितला, त्यांनी नकार दिला, परिषद बारगळली आणि त्यांनी ते स्वखर्चाने छापलं. पंधराशे प्रती, किंमत आठ आणे. पण छापताना त्यांनी काय काय निवडलं हे बघण्यासारखं आहे. पहिली निवड अशी की भाषणाच्या आधी त्यांनी सगळी पत्रं छापली. मंडळाचं आर्जवाचं पहिलं पत्र, १२ डिसेंबर १९३५ला मिळालेलं, ते सगळ्यात आधी. मग पुढची, तारखांच्या क्रमाने, मंडळाच्या बाजूचा प्रत्येक शब्द जसाच्या तसा. मधे त्यांचं भाष्य जवळजवळ नाहीच. आपल्यावर अन्याय झाला असं सांगायला माणूस बसला की तो आधी स्वतःची बाजू सांगतो, विशेषणं लावतो. इथे विशेषणं लावायचं काम वाचकाकडे सोपवलं आहे. पत्रं वाचत जाताना आपण नकळत न्यायाधीशाच्या खुर्चीत जाऊन बसतो आणि भाषण सुरू व्हायच्या आधीच एक प्रश्न आपल्या मनात तयार होतो, की असं यात काय आहे जे त्यांना ऐकवेना? त्या कुतूहलानेच वाचक पहिलं पान उलटतो. पत्रांच्या शेवटी जिथे राग यायला हवा तिथे दुःख येतं. सवर्ण हिंदूंच्या परिषदेचं अध्यक्षपद मला आयुष्यात पहिल्यांदाच मिळालं होतं, त्याचा असा शोकान्त व्हावा याचं वाईट वाटतं, अशा अर्थाचं ते लिहितात. शोकान्त हा शब्द मुद्दाम निवडलेला वाटतो मला. शोकान्तिकेत दुष्ट माणूस असावाच लागत नाही.

दुसरी निवड त्याहून साधी. भाषण झालं नाही, होणार नाही, हे ठाऊक असूनही त्यांनी ‘मित्रहो’ ही सुरुवात तशीच ठेवली. निबंध करून टाकता आला असता. तसं केलं नाही. म्हणून आजही पुस्तक उघडलं की समोर रिकामा मंडप असतो, त्यात आपण एकटेच बसलेलो असतो आणि माणूस आपल्याकडे बघून ‘तुम्ही’ म्हणत असतो.

या ‘तुम्ही’चा नाशिकशी संबंध आहे आणि तो मला फार उशिरा कळला. माझं आजोळ पंचवटीत, काळाराम मंदिरापासून चालत पाच मिनिटांवर. २ मार्च १९३०ला तिथे सत्याग्रह सुरू झाला, पुढे वर्षानुवर्षं चालला आणि दरवाजा उघडला नाही. मग १३ ऑक्टोबर १९३५ला येवल्याला त्यांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. लाहोरचं आमंत्रण आलं ते यानंतर जवळजवळ दोन महिन्यांनी. म्हणजे निर्णय तोच, वर्षही एकच, श्रोते मात्र निराळे. येवल्याला समोर आपली माणसं होती, पाच वर्षं मार खाल्लेली. त्यांना पटवायचं काही उरलंच नव्हतं, त्यांना एक वाक्य हवं होतं आणि ते मिळालं. लाहोरला समोर बसणार होते ते जात मोडायला निघालेले सवर्ण, सज्जन, आणि स्वतःच्या सज्जनपणाची खात्री असलेले. अशा माणसांना ओरडून काही सांगता येत नाही, ती ओरडणाऱ्याचा सूरच धरून बसतात. त्यांना त्यांच्याच पायांनी चालवत न्यावं लागतं.

आणि भाषण चालवतच नेतं. सुरुवातीला राजकीय सुधारणा आधी की सामाजिक सुधारणा आधी, हा त्या काळी सगळ्यांच्या ओळखीचा वाद ते घेतात. एका देशाला दुसऱ्या देशावर राज्य करायचा अधिकार नाही, हे इंग्रज विचारवंत मिलचं तत्त्व प्रत्येक काँग्रेसवाला म्हणतो. मग एका वर्गाला दुसऱ्या वर्गावर राज्य करायचा अधिकार नाही, हेही त्याला मानावं लागेल. हे तत्त्व बाबासाहेबांनी आणलेलं नाही, ते श्रोत्याच्या खिशातूनच काढलेलं आहे. त्यानंतर ते पाच वेळा एकच प्रश्न विचारतात, की तुम्ही राजकीय सत्तेला लायक आहात का? पहिल्यांदा शाळेचा दाखला देऊन. मग विहिरींचा. मग रस्त्यांचा. मग कपड्यांचा आणि दागिन्यांचा. शेवटी जेवणाचा. प्रत्येक वेळी वाक्याची सुरुवात तीच, शेवट वेगळा. मी ही पुनरुक्ती मुलांना नेहमी चढत्या आवाजात शिकवली, पाचवी सगळ्यात मोठ्यांदा. पण क्रम नीट बघितला तर तो आत आत जाणारा आहे. शाळा, विहीर, रस्ता या गावाच्या गोष्टी. कपडे माणसाच्या अंगावरचे. घास त्याच्या तोंडातला. जे जितकं खाजगी तितकं ते हळू बोललं जातं, हे मला त्या दिवशी सिग्नलला उभं असताना पहिल्यांदा सुचलं.

जेवणाचा तो प्रश्न ज्या घटनेवर उभा आहे ती १९३६ सालातलीच, जयपूर संस्थानातल्या चकवारा गावची. एक अस्पृश्य माणूस यात्रेहून परतला. पुण्याचं काम म्हणून त्यानं गावातल्या आपल्या लोकांना जेवण दिलं. जेवण चांगलं असावं म्हणून तूप वाढलं. पंगत बसलेली असताना शेकडो लोक काठ्या घेऊन आले, अन्न उधळून लावलं, जेवणाऱ्यांना मारलं आणि ती माणसं ताटं सोडून पळाली. कारण काय, तर तूप. हे सांगताना बाबासाहेब वर्तमानपत्रातल्या बातम्यांच्या आधाराने, बातमीच्याच सुरात सांगतात. तूप ही श्रीमंतांची चैन असेल, पण तूप खाणं हे मोठ्या जातीचं लक्षण आहे असं कुणाला वाटलं नसतं, असं ते पुढे म्हणतात. ‘खुनी हल्ला’ एवढे शब्द सोडले तर अघोर, अमानवी असली विशेषणं त्या माणसाच्या आणि त्याच्या तुपाच्या मधे येत नाहीत. मुख्य म्हणजे त्यांनी सुरुवात कुठून केली ते बघावं. यात्रा आणि पुण्य. लाहोरच्या श्रोत्याच्या घरातही यात्रेहून आल्यावर पंगत उठत असणार. मार बसायच्या आधी श्रोता त्या यजमानाच्या जागी जाऊन बसलेला असतो. हे उदाहरण निवडलं तेव्हाच निम्मं काम झालं. दुष्काळाचं किंवा उपासमारीचं उदाहरण घेतलं असतं तर श्रोत्याने दया केली असती. तुपाचं घेतल्यावर दयेला जागा उरत नाही, कारण त्या माणसाला दया नको होती, पाहुण्यांना चांगलं जेवू घालायचं होतं.

सगळ्याच पायऱ्या अशा मजबूत नाहीत, हेही सांगायला हवं. वंशाच्या मुद्द्यावर बोलताना, जातीमुळे वंश शुद्ध राहतो या दाव्याला उत्तर देताना, ते हिंदूंच्या उंचीवर आणि ताकदीवर येतात, हा खुजा झालेला, लष्कराला नालायक ठरलेला समाज आहे असं म्हणतात. तिथे मी दरवेळी अडखळते. बाकी सगळीकडे श्रोत्याचं तत्त्व घेऊन श्रोत्याला चालवणारा माणूस इथे श्रोत्याच्या शरीरावर बोट ठेवतो. जो पाय उचलणार होता तो इथे मागे घेतला जातो. हा भाग मी मुलांच्या उताऱ्यात कधी घेत नाही.

मग येतं विसावं प्रकरण, आणि माझ्या मते सगळं भाषण याच्यासाठी रचलेलं आहे. आधी ते मंडळाचं अभिनंदन करतात. जात मोडायला सहभोजनं पुरेशी नाहीत, आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय, हे तुम्ही ओळखलंत. निदान अचूक केलंत आणि हिंदूंना त्यांचं काय चुकतं हे सांगायचं धाडसही दाखवलंत. श्रोता इथे सुखावतो. लगेच पुढचा प्रश्न येतो. मग तुमचं म्हणणं लोकांना पटत का नाही? हा प्रश्न विरोधकाचा नाही. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी तो रात्री अंथरुणावर पडल्यावर स्वतःला विचारलेलाच असणार. उत्तर एकच आहे, ते म्हणतात, की तुम्ही जे करायला सांगता ते लोकांच्या पवित्र समजुतींच्या विरुद्ध आहे. जात ही विटांची भिंत नाही, काटेरी तारेचं कुंपण नाही, की पाडून टाकलं की माणसं एकत्र येतील. जात ही कल्पना आहे, मनाची अवस्था आहे. आणि मग ती माफी येते, की हे लोक निर्दयी नाहीत, धार्मिक आहेत. जात पाळण्यात लोकांची चूक नाही, माझ्या मते चूक आहे ती ही कल्पना त्यांच्या मनात रुजवणाऱ्या धर्माची.

त्यानंतरचं वाक्य असं सुरू होतं: हे बरोबर असेल, तर.

हे बरोबर असेल, तर तुम्हाला झुंजायचं आहे ते जात पाळणाऱ्या माणसांशी नव्हे, त्यांना हा जातीचा धर्म शिकवणाऱ्या शास्त्रांशी. वेद-शास्त्रांना सुरुंग लावावा लागेल, हे ज्याच्यावरून गदारोळ झाला ते वाक्य पुढच्या काही पानांवर येतं. ते सुटं काढून फलकावर लिहिलं तर शिवी वाटतं, आणि सुटं काढूनच ते बहुतेकांपर्यंत पोहोचलेलं असतं. पण पायऱ्या चढून आलेल्याला तिथे पोहोचायला नवीन काही मान्य करावं लागत नाही. त्यानं माफी घेतली तिथेच ते मान्य झालेलं असतं. आपली माणसं वाईट नाहीत, हे तुम्हाला हवं आहे ना? घ्या. पण मग ती जे करतात त्याचा दोष कुठे तरी ठेवावा लागेल आणि ठेवायला एकच जागा उरते. हा सगळा भार त्या ‘जर-तर’वर आहे. ‘म्हणून’ असतं तर निष्कर्ष त्यांचा झाला असता. ‘हे बरोबर असेल, तर’ म्हटल्यावर बरोबर की चूक ते श्रोत्याने ठरवायचं असतं, आणि ठरवून झाल्यावर मागे फिरायची सोय नसते. लाहोरच्या मंडळींना प्रत वाचताना हे कळलं असणार. त्यांनी जो भाग गाळायला सांगितला त्याच्या आधीचं सगळं त्यांना चालत होतं.

मी गाडी घराकडे न नेता पंचवटीकडे वळवली. रामनवमी जवळ आली होती. मंदिराच्या आजूबाजूला मांडव पडत होते, बांबू उतरवल्याचे आवाज येत होते, प्रसादाच्या दुकानांवर लाह्या-बत्ताशांचे ढीग होते. आजोळचा वाडा आता नाही, तिथे चार मजल्यांची इमारत आहे. मागच्या दाराचा कोनाडा मात्र मला जागेवर दिसतो. त्या कोनाड्यात एक कप असायचा, कान तुटलेला, निळ्या फुलांचा. अंगण झाडायला येणाऱ्या मावशींचा. त्या तो स्वतः काढायच्या, पायरीवर ठेवायच्या, आजी वरून चहा ओतायची, त्या पिऊन झाल्यावर विसळून परत कोनाड्यात ठेवायच्या. घरातला दुसरा कुठलाही कप त्या पायरीवर गेला नाही आणि तो कप कधी आत आला नाही.

आणि आजी निर्दयी नव्हती. हे मी आजही शपथेवर सांगेन. त्या मावशींची मुलगी बाळंत झाली तेव्हा आजीने डिंकाचे लाडू केले होते, घरच्या लेकीला करते तेवढंच तूप घालून. मी परातीशी बसले होते, तुपाचा तो कढलेला वास मला आठवतो. “हात आखडू नये बाळंतिणीच्या बाबतीत,” असं ती म्हणाली होती. लाडू डब्यात भरले आणि डबा पायरीवर ठेवून ती दोन पावलं मागे झाली. मग मावशी पुढे आल्या आणि त्यांनी डबा उचलला. संध्याकाळी आजी काळारामाला गेली, नेहमीसारखी.

बाबासाहेबांचं ते वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आजी आठवली होती आणि डोळे भरून आले होते. कुणीतरी तिला ओळखलं असं वाटलं. ज्या माणसाला तिच्या देवळाच्या दारात उभं राहू दिलं नाही, तो माणूस म्हणत होता की ती वाईट नव्हती. मी ते वाक्य वहीत उतरवलं, पुढे वीस वर्षं मुलांना शिकवलं, त्यावर बाण काढले. मुलांना दिलेल्या उताऱ्यात पूर्णविराम मी तिथेच देत आले, ‘धार्मिक आहेत’ या शब्दांवर. वेळ पुरत नाही, सात मिनिटंच असतात, हे कारण मी स्वतःला देत होते. त्या संध्याकाळी मंदिराच्या भिंतीशी गाडी लावून मी पिशवीतून तो कागद काढला आणि बघितला. पुढचं वाक्य त्यात नव्हतं. मी माफी घेतली होती आणि ‘तर’ सोडून दिला होता.

भाषणाच्या शेवटाकडे आवाज आणखी खाली येतो. मला वाईट वाटतं, मी तुमच्याबरोबर नसेन, मी धर्म बदलायचं ठरवलं आहे. येवल्याला जे घोषणा म्हणून आलं ते इथे निरोप म्हणून येतं. तुमच्यातून गेल्यावरही तुमच्या कामाकडे माझी सहानुभूती राहील, जमेल ती मदत करीन. स्वराज्याच्या लढ्यात सगळं राष्ट्र तुमच्या बाजूने असतं, या लढ्यात तुम्हाला सगळ्या राष्ट्राशी लढावं लागेल आणि तेही स्वतःच्याच. निघालेला माणूस दारात उभा राहून मागे राहणाऱ्यांना काम समजावून देतो, तसं आहे ते. आपला फायदा साधायला हा माणूस बोलत नाही, हे श्रोत्याला कळतं, कारण तो तर चालला आहे. त्या निरोपामुळे आधीच्या सगळ्या कठोर वाक्यांवर विश्वास बसतो.

ज्यांना पटवायचं होतं त्यांनी ते ऐकलंच नाही, ही या भाषणाची मर्यादा म्हणायची तर म्हणावी. पण पंधराशे प्रती दोन महिन्यांत संपल्या. गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये त्यावर लिहिलं, आठ आणे किंमत जास्त आहे, दोन किंवा निदान चार आणे असावी, असंही लिहिलं, आणि धर्माची परीक्षा त्याच्या वाईट नमुन्यांवरून करू नये, उत्तमांवरून करावी, असा प्रतिवाद केला. १९३७च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी तो प्रतिवाद स्वतःच्या पुस्तकात छापला आणि त्यालाच जोडून आपलं उत्तर. पुन्हा तीच रीत. समोरच्याचं म्हणणं पूर्ण ठेवायचं, मग वाचकाला मधे बसवायचं. गांधीजींचा तो मुद्दा वाचताना मला पुन्हा आजी आठवते. उत्तम नमुना म्हणून मी तिलाच पुढे केलं असतं. पण तिच्यातलं जे उत्तम ते लाडवात होतं आणि ती दोन पावलं मागे झाली तीही तितक्याच श्रद्धेने.

दुसऱ्या दिवशी तालमीला मी खोडरबर घेऊन गेले. मुलीसमोर बाण पुसले. कागद जुना होता, पुसताना थोडा फाटला. मग खाली पुढचं वाक्य लिहून दिलं आणि सांगितलं की वेळ बसवायला सुरुवातीची कविता काढून टाकू. तिनं वाक्य मनात वाचलं. “मॅडम, कविता काढली तर टाळ्या नाही पडणार,” ती म्हणाली. मी म्हटलं, नाही पडल्या तर नाही. तिनं मान हलवली आणि फळ्याकडे पाठ करून उभी राहिली, हात बाजूला सोडून. माफीची वाक्यं तिनं जेवायला बोलवावं तशा साध्या आवाजात म्हटली. माझ्या घशात काहीतरी अडकलं, पण ती माझ्याकडे बघत नव्हती, मागच्या रिकाम्या बाकांकडे बघत होती.

“हे बरोबर असेल,” ती म्हणाली, आणि स्वल्पविरामापाशी थांबली. खाली शिपाईकाकांनी कुठलं तरी दार लावल्याचा आवाज आला. पंखा फिरत होता. ती घाई न करता थांबून राहिली, इतका वेळ की मला त्या थांबण्यात आजीच्या घराचं मागचं दार दिसलं, पायरी दिसली, कोनाडा दिसला.

“तर,” ती म्हणाली.